नकाशा गेला, प्रश्न राहिले

रविवारी सकाळी परळच्या आमच्या अभ्यासिकेत दहावीची मुलं जुने प्रश्नसंच घेऊन येतात. हे संच म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स, आणि तिचीही झेरॉक्स. अक्षरं कशीबशी तग धरतात, नकाशाच्या जागी मात्र शाईचा काळा डाग उरतो. मोबाइलवर फिरत आलेल्या प्रतीत तेवढंही नसतं. ‘सोबतच्या नकाशाचे वाचन करून उत्तरे लिहा’ ही ओळ संपते आणि लगेच पहिला उपप्रश्न सुरू होतो. मूल कागद पुढे करून विचारतं, “ताई, हा सोडून देऊ ना?”

शंकांच्या टेबलावर नव्याने बसणाऱ्या ताई-दादांसाठी हे लिहिते आहे. नद्या, पठार आणि हवामान यांवरच्या अशा प्रश्नांपैकी बरेचसे नकाशा नसतानाही सुटतात. काही सुटत नाहीत. कोणता कुठल्या गटातला हे ओळखण्यातच निम्मं काम आहे, आणि ते एका प्रश्नावरच दाखवते, कारण तो मी स्वतः आधी चुकवला होता.

आधी कागद उलटा करून बघा

पाच मिनिटं नकाशा शोधण्यात घालवा, त्याहून जास्त नको. काळा डाग असलेला कागद खिडकीच्या काचेवर धरला तर कधीकधी किनाऱ्याची रेष किंवा एखादं अक्षर दिसतं. मोबाइलवरची प्रत संगणकावर उघडली की हरवलेलं चित्र काही वेळा हजर होतं. पानाच्या मागच्या बाजूलाही बघा. तिथे नकाशा नसेल, पण नकाशाची सूची किंवा प्रश्नाचा उरलेला भाग असू शकतो. हे शेवटचं मी त्या दिवशी केलं नव्हतं.

प्रश्न साधारण असा होता:

१) गिरणा ही ‘अ’ नदीची उपनदी आहे. ‘अ’ नदीचे नाव व तिची वाहण्याची दिशा लिहा.
२) ‘ब’ व ‘क’ या नद्यांच्या खोऱ्यांदरम्यान कोणती डोंगररांग आहे?
३) नीरा ही ‘क’ नदीची उजव्या तीराची उपनदी आहे की डाव्या?
४) ‘ड’ कडून ‘इ’ कडे जाताना पाऊस कमी का होतो?
५) महाराष्ट्र पठाराचा सर्वसाधारण उतार कोणत्या दिशेला आहे? ‘अ’ नदी त्याला अपवाद का?
६) ‘क’ नदी ‘ब’ नदीला कोणत्या राज्यात मिळते?
७) ‘फ’ या छटेने दाखवलेल्या प्रदेशातील सरासरी वार्षिक पर्जन्यमान किती?

उत्तरं द्यायची घाई न करता प्रत्येक उपप्रश्नापुढे पेन्सिलीने खूण करा. पाचव्याचा पहिला भाग नकाशा पाहून सोडवायचाच नाहीये, तो नुसता नकाशाखाली छापलाय. त्याला ‘नको’ लिहा. पहिल्यात आणि तिसऱ्यात अक्षरांसोबत खरी नावंही आहेत, म्हणजे अक्षर कोणतं ते उलगडू शकतं, आणि दुसरा, सहावा व पाचव्याचा दुसरा भाग त्याच अक्षरांना बांधलेले आहेत. त्यांना ‘बघू’ लिहा. सातवा पूर्णपणे एका छटेवर उभा आहे आणि छटा गेली आहे. त्याला ‘गेला’ लिहा. चौथा अधला-मधला आहे, त्याची गंमत पुढे येईल.

अक्षरं सोडवण्याआधी चौकट काढा

मुलांच्या डोक्यात नद्यांची नावं असतात, पण त्यांच्या जागा नसतात. म्हणून कोऱ्या पानावर आपणच एक आराखडा काढायचा. सुंदर नको, मापात हवा. वहीच्या पानावर एका अंशाला दीड सेंटिमीटर धरलं तर अख्खा महाराष्ट्र मावतो. उभ्या रेषा ७३, ७५, ७७, ७९ आणि ८१ पूर्व रेखावृत्तांच्या, आडव्या १६, १८, २० आणि २२ उत्तर अक्षवृत्तांच्या. मग काही शहरं टाका. मुंबई ७३ च्या रेषेला टेकून, १९ वर. नाशिक ७४ च्या किंचित अलीकडे, २० वर. पुणेही ७४ च्या जवळच, पण साडेअठरावर. सोलापूर ७६ च्या आसपास, १८ च्या थोडं खाली. कोल्हापूर ७४ च्या जरा पुढे, १७ च्या थोडं खाली. नागपूर ७९ वर, २१ च्या किंचित वर.

दोन गोष्टी इथेच मुलांच्या लक्षात आणून द्या, कारण पुढे त्यांनीच चुका टळतात. नांदेड जवळजवळ मुंबईच्याच अक्षवृत्तावर आहे आणि जळगाव जवळजवळ नागपूरच्या. मुंबईतल्या मुलांना मराठवाडा ‘खाली’ आणि विदर्भ ‘खूप वर’ वाटतो. कागदावर टाकल्यावर कळतं की महाराष्ट्र उंच कमी आणि रुंद जास्त आहे.

आराखडा मापात आला का ते तपासायला एक सोपं गणित आहे. अक्षवृत्ताचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. आपल्या पट्ट्यात रेखावृत्ताचा एक अंश थोडा कमी, सुमारे १०५ भरतो. मुंबई ते नागपूर सहाच्या थोडं वर अंश पूर्वेला आणि दोनच्या थोडं वर अंश उत्तरेला, म्हणजे साधारण ६५० किलोमीटर आडवं आणि २३० उभं. सरळ रेषेत ते ६९० च्या आसपास येतं. तुमच्या कागदावर हे अंतर दहा सेंटिमीटरच्या आसपास भरलं पाहिजे. आठ किंवा बारा भरलं तर कुठेतरी रेष चुकली आहे. रस्त्याने जाताना लागणाऱ्या अंतराशी हे ताडून बघू नका, रस्ता वळणं घेत जातो.

डावा हात ठेवा

आता नद्या. इथे नुसतं पाठांतर उपयोगाचं नाही, कारण एक अक्षर उलगडलं की शेजारचं आपोआप उलगडावं अशी व्यवस्था हवी. ती महाराष्ट्राच्या भूरचनेतच आहे: रांग, नदी, रांग, नदी असा एकाआड एक क्रम.

आराखड्यावर ७३ आणि ७४ च्या मध्ये वरून खाली सह्याद्रीची रेष ओढा. मग डावा तळहात त्या रेषेवर पालथा ठेवा, बोटं उजवीकडे म्हणजे पूर्वेकडे. अंगठा आणि करंगळी आत घ्या. उरलेली तीन बोटं थोडी फाकवा. वरची अनामिका म्हणजे सातमाळा-अजिंठा रांग. मधलं बोट हरिश्चंद्र-बालाघाट. खालची तर्जनी शंभूमहादेव. या तिन्ही रांगा सह्याद्रीतून फुटून पूर्वेकडे जातात.

पाणी बोटांच्या मधल्या फटींतून वाहतं. अनामिकेच्या वर तापीचं खोरं आहे. तापीच्या पलीकडे सातपुडा, तो या हाताचा भाग नाही, तो आडवा वेगळा पडलेला आहे. अनामिका आणि मधल्या बोटामध्ये गोदावरी, मधलं बोट आणि तर्जनी यांच्यामध्ये भीमा, आणि तर्जनीच्या खाली कृष्णा. हे ठेवून झालं की हात उचला आणि नद्या रेखाटा. गोदावरी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वराहून पैठण, नांदेड करत तेलंगणात. भीमा भीमाशंकराहून पंढरपूरकडे. कृष्णा महाबळेश्वराहून आधी दक्षिणेला कऱ्हाड, सांगलीकडे आणि मग कर्नाटकात शिरून पूर्वेला. तापी मात्र उलटी: मध्य प्रदेशातल्या मुलताईहून निघते, भुसावळवरून पश्चिमेला जाते आणि सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते.

पूर्वेला वर्धा, वैनगंगा या नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडे येतात. त्या हाताच्या पकडीत येत नाहीत. विदर्भातला प्रश्न असेल तर हा हात बाजूला ठेवायचा.

उलगडा, आणि माझी चूक

पहिला उपप्रश्न गिरणेने सोडवला. गिरणा नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीत उगम पावते आणि जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते, तेव्हा ‘अ’ म्हणजे तापी, दिशा पूर्वेकडून पश्चिमेकडे. तिसऱ्याने ‘क’ उलगडला. नीरा भीमेला मिळते, नीरा-नरसिंहपूरला. म्हणजे ‘क’ ही भीमा. उजवी की डावी हे ठरवताना मुलं नकाशाच्या उजव्या-डाव्या बाजूला बघतात. तसं नाही. नदी ज्या दिशेला वाहते तिकडे तोंड करून उभं राहायचं. भीमा आग्नेयेकडे वाहते, तिकडे तोंड केलं की नीरा उजव्या हाताला, दक्षिणेच्या बाजूने येते. उत्तर: उजव्या तीराची.

राहिला ‘ब’. ‘अ’ तापी, ‘क’ भीमा. मी म्हटलं, अक्षरं उत्तरेकडून दक्षिणेकडे दिली आहेत, मध्ये ‘ब’ गोदावरीच असणार. मग ‘ब’ आणि ‘क’ च्या मधली रांग हरिश्चंद्र-बालाघाट. मुलाने ते लिहिलं. वर मी त्याला ‘बघ, नकाशाशिवाय आलं की नाही’ असंही म्हणाले. त्याने कागद उलटला. मागे सहावा उपप्रश्न होता: ‘क’ नदी ‘ब’ नदीला कोणत्या राज्यात मिळते?

भीमा गोदावरीला कुठेही मिळत नाही. भीमा कृष्णेला मिळते, कर्नाटकात, रायचूरच्या बाजूला. म्हणजे ‘ब’ कृष्णा, आणि दोघींच्या मधली रांग शंभूमहादेव. अक्षरं देणाऱ्याने वरून खाली न जाता मनाला येईल तशी ती टाकली होती. तो मुलगा काही बोलला नाही, फक्त खोडरबर मागितलं.

हाताच्या बोटांवर बघितलं तर ही चूक आधीच सापडायला हवी होती. दोन नद्यांच्या मध्ये डोंगररांग असेल तर त्या एकमेकींना रांग संपल्यावरच भेटू शकतात. शंभूमहादेव म्हणजे तर्जनी, तिच्या टोकापलीकडे भीमा आणि कृष्णा एक होतात. मधल्या बोटाच्या दोन बाजूंना असलेल्या गोदावरी आणि भीमा कधीच एक होत नाहीत, गोदावरी आपली वेगळी बंगालच्या उपसागराला जाते. म्हणून आता मी उपप्रश्न एक ते शेवट सगळे वाचल्याशिवाय एकही अक्षर पक्कं करत नाही. उपप्रश्नांत येणारी प्रत्येक खरी नदी, गाव, धरण यांना गोल करते आणि त्यातून अक्षर पकडते. अक्षरांचा क्रम हा पुरावा नाही. इतर काहीच नसेल तेव्हाच त्याचा आधार घ्यायचा, आणि तसं उत्तरात लिहायचं.

एकाच नावाच्या दोन नद्या

खऱ्या नावावरून अक्षर पकडताना एक सापळा आहे. गिरणा एकच आहे, त्यामुळे आपलं निभावलं. तिच्या जागी ‘पूर्णा ही ‘अ’ ची उपनदी’ असं असतं तर? एक पूर्णा सातपुड्याच्या बाजूने येऊन विदर्भातून वाहत तापीला मिळते. दुसरी अजिंठ्याच्या डोंगरात निघून मराठवाड्यातून गोदावरीला मिळते. एका नावाने दोन शक्यता उभ्या राहतात, आणि त्या अनामिकेच्या दोन विरुद्ध बाजूंच्या.

मुळेचंही तसंच. पुण्याची मुळा मुठेशी मिळून पुढे भीमेकडे जाते. अहिल्यानगर जिल्ह्यातली मुळा प्रवरेला मिळते आणि प्रवरा गोदावरीला. मधल्या बोटाच्या एका अंगाला एक मुळा, दुसऱ्या अंगाला दुसरी. मुलताईचं नावही एकट्याने पुरत नाही, कारण वर्धा नदीही त्याच भागात उगम पावते. ‘मुलताईजवळ उगम’ एवढंच वाचून तापी लिहू नका. दिशा विचारली आहे का, समुद्र कोणता सांगितला आहे का ते बघा. पश्चिम किंवा अरबी समुद्र दिसला तर तापी, दक्षिण किंवा गोदावरीचं खोरं दिसलं तर वर्धा.

तेव्हा नाव सापडलं की स्वतःला एकच विचारायचं, या नावाची दुसरी नदी आहे का? माहीत नसेल तर दुसरा दुवा मिळेपर्यंत अक्षर पेन्सिलीनेच लिहा.

पठाराचा उतार रेल्वेच्या पाटीवर

पाचव्या उपप्रश्नाला नकाशा नको होता. महाराष्ट्र पठाराचा उतार सर्वसाधारणपणे पूर्वेकडे आणि आग्नेयेकडे आहे. पण मुंबईच्या मुलांना हे पटत नाही. त्यांच्या मते घाट चढला की आपण ‘वर’ गेलो आणि तिथून पुढे सगळं सपाट. त्यांना मी रेल्वेच्या पाट्या आठवायला सांगते. स्थानकाच्या टोकाला असलेल्या मोठ्या पिवळ्या पाटीवर नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. मुंबईहून सोलापूरला जाणाऱ्या गाडीत बसलात तर कर्जतला ती शंभर मीटरच्या आत असते. बोरघाट चढून लोणावळ्याला पोचलात की सहाशेच्या वर. मग पुण्याला साडेपाचशेच्या थोडी वर आणि सोलापूरला साडेचारशेच्या आसपास.

म्हणजे घाट एका दमात चढतो आणि पुढची सव्वातीनशे किलोमीटर गाडी हळूहळू उतरत जाते, खिडकीत बसलेल्याला कळत नाही इतकी हळू. पाण्याला मात्र कळतं. म्हणून अरबी समुद्रापासून शंभर किलोमीटरच्या आत उगम पावलेल्या गोदावरी, भीमा आणि कृष्णा जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेला जातात. पूर्व टोकाला वैनगंगेच्या खोऱ्यात पठार तीनशे मीटरच्या आसपास येतं.

उलटही वाचता येतं, आणि नकाशा नसताना तेच जास्त उपयोगी. प्रश्नात पठाराच्या उंचीबद्दल काही विचारलं असेल आणि कुठलीही समोच्चरेषा हाताशी नसेल, तर नदी कुठून कुठे जाते ते बघा. नदीचा प्रवास म्हणजेच उतार. अपवाद तापीचा. पठाराचा उतार पूर्वेला असताना ती पश्चिमेला का जाते? कारण ती खचदरीतून वाहते. दोन प्रस्तरभंगांच्या मधला जमिनीचा भाग खाली खचला आणि लांबट दरी तयार झाली, नदीला तिचाच उतार मिळाला. उत्तरात ‘खचदरी’ हा शब्द आलाच पाहिजे. नुसतं ‘तिथे उतार पश्चिमेला आहे’ लिहिलं तर ते प्रश्नच परत सांगितल्यासारखं होतं.

‘ड’ कडून ‘इ’ कडे

आता चौथा. ‘ड’ कडून ‘इ’ कडे जाताना पाऊस कमी का होतो? मुलं हे वाचताच पर्जन्यछाया लिहून मोकळी होतात. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. तीच सोलापूरची गाडी पुन्हा घ्या. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. लोणावळ्याला त्याच्या बराच वर, कारण समुद्रावरून आलेले बाष्पाचे वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर मोकळे होतात. पुण्याला पोचेपर्यंत तो सातशेच्या आसपास येतो. बारामती, दौंडच्या पट्ट्यात आणखी उतरून पाचशेच्या घरात. खाली उतरणारी हवा तापते आणि कोरडी होते, ढग तग धरत नाहीत. लोणावळा ते पुणे साठ-पासष्ट किलोमीटर, आणि तेवढ्यात चित्र पार बदलतं.

पण ‘ड’ आणि ‘इ’ कुठे होते ते आपल्याला माहीत नाही. समजा ‘ड’ गडचिरोलीला होता आणि ‘इ’ बीडला. तिथेही ‘ड’ कडून ‘इ’ कडे पाऊस कमीच होतो. पूर्व विदर्भात हजार मिलिमीटरच्या बराच वर पडतो, बीडला त्याहून पुष्कळ कमी. पण कारण वेगळं. विदर्भाच्या पूर्व भागाला बंगालच्या उपसागराकडून येणाऱ्या मोसमी शाखेचा पाऊस मिळतो, आणि ती शाखा पश्चिमेला सरकताना क्षीण होत जाते. इथे सह्याद्रीची पर्जन्यछाया एवढंच लिहिलं तर अर्धं उत्तर चुकलं.

यात आणखी एक गैरसमज दडलेला असतो. मुलं समजतात की महाराष्ट्रात पश्चिमेकडून पूर्वेकडे पाऊस सरसकट कमी होत जातो. तो कोकण आणि घाटमाथ्यावर भरपूर, मध्य महाराष्ट्र आणि मराठवाड्याच्या काही भागांत कमी, आणि पूर्वेला पुन्हा जास्त असा आहे. आराखड्यावर मुंबईपासून गडचिरोलीपर्यंत एक आडवी रेष ओढून त्यावर पावसाचा आलेख काढायला लावा. डावीकडे एक उंच सुळका, मग खोल दरी, मग उजवीकडे हळूहळू चढण. हा आलेख एकदा हाताने काढला की ‘पूर्वेला कमी’ ही सवय जाते.

म्हणून ‘ड’ आणि ‘इ’ साठी आम्ही पेपरमध्येच दुवे शोधले. गावांची नावं नव्हती, दिशा नव्हती. मग लिहिलं ते असं: “‘ड’ घाटमाथ्यावर आणि ‘इ’ त्याच्या पूर्वेस पठारावर आहे असे मानले आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीला अडून घाटमाथ्यावर जास्त पाऊस देतात. पूर्वेकडे उतरताना हवा तापते व कोरडी होते, त्यामुळे ‘इ’ हा पर्जन्यछायेचा प्रदेश ठरतो.” पहिलं वाक्य वगळलं असतं तरी उत्तर चांगलंच वाचलं गेलं असतं. पण मग तपासणाऱ्याला किंवा पुढच्या रविवारी आम्हालाच कळलं नसतं की यातलं काय माहीत होतं आणि काय धरलं होतं.

मानलेली गोष्ट एकाच वाक्यात लिहायची, आणि ती उत्तराच्या आधी. मुलं ती शेवटी कंसात टाकतात, मग ती माफी मागितल्यासारखी दिसते.

जे सुटत नाही

सातवा उपप्रश्न छटेचा. इथे मुलांना मोह होतो, आराखड्यावर कोकण, घाट, मराठवाडा आहेतच, त्यातला एखादा ‘फ’ धरून आकडा टाकावा. तसं करू नका. पर्जन्यमानाच्या नकाशात प्रत्येक जण आपापल्या सोयीने वर्ग पाडतो. एकाचा पहिला वर्ग ५०० मिलिमीटरपर्यंत, दुसऱ्याचा ७५० पर्यंत. शिवाय कोणती छटा कमी पावसाला दिली आहे तेही ठरलेलं नाही. सूचीशिवाय ‘फ’ चा आकडा म्हणजे निव्वळ अंदाज. असेच न सुटणारे आणखी काही प्रकार भेटतील. नदीची लांबी दोऱ्याने मोजून प्रमाणाने काढा, नकाशातील धरणांची संख्या मोजा, दोन समोच्चरेषांमधली उंची सांगा. यांना प्रत्यक्ष रेषाच लागतात, पुस्तकातला गोदावरीच्या एकूण लांबीचा आकडा तिथे चालत नाही, कारण नकाशात बहुधा तिचा एक तुकडाच दिलेला असतो.

सूची उरली असेल आणि नकाशा गेला असेल तर मात्र थोडं पुढे जाता येतं. मग प्रदेश धरून लिहायचं: ‘फ’ हा कोकणाचा भाग असल्यास सर्वांत जास्त पर्जन्याचा वर्ग, मराठवाड्याचा असल्यास कमी पर्जन्याचा. आमच्या संचात सूचीही नव्हती.

त्या मुलाने सातव्यापुढे चार ओळी कोऱ्या सोडल्या आणि समासात पेन्सिलीने लिहिलं, ‘सूची मिळाल्यावर’. तीन रविवारांनी त्याच्या वर्गातल्या एकीने जरा बरी प्रत आणली. तीत ‘ड’ खरोखर घाटमाथ्यावर होता आणि ‘ब’ कृष्णा. ‘फ’ ची छटा मात्र त्या प्रतीतही शाईत बुडालेली होती.